सारखे अर्ज, वेगळे निकाल

दोन अर्ज समोर आहेत असे समजू. दोन्ही अर्जदार पनवेलचे, दोघेही तळोजा औद्योगिक वसाहतीत मालाची ने-आण करणारे, आणि दोघांनाही टेम्पोसाठी चार लाखांचे कर्ज हवे आहे. दोघांची महिन्याची कमाई अठ्ठावीस हजारांच्या आसपास आहे. एक नवीन पनवेलच्या सेक्टरमध्ये राहतो, दुसरा जुन्या पनवेलच्या मोहल्ल्यात. पहिल्याचा अर्ज मंजूर होतो, दुसऱ्याचा नामंजूर. निर्णय कोणा साहेबाने दिलेला नाही, संगणकातल्या मॉडेलने दिला आहे. जुन्या हजारो कर्जांचे काय झाले ते पाहून कोण फेडेल आणि कोण बुडवेल याचा अंदाज बांधणारी ही यंत्रणा असते. ती दुसऱ्या अर्जदारावर अन्याय करते आहे का, हे कसे ओळखायचे?

एका जोडीवरून ते ओळखता येत नाही. दुसऱ्याचा एखादा जुना हप्ता थकला असेल, पहिल्याच्या घरात आणखी एक पगार येत असेल. म्हणून तपासणी करणारे शेकडो अर्ज घेतात, त्यांतले एकमेकांसारखे अर्ज एका खणात ठेवतात आणि त्या खणात दोन समाजांना, किंवा स्त्री-पुरुषांना, किती टक्के मंजुरी मिळाली ते पाहतात. ही रीत संगणकाच्या मॉडेलांपेक्षा जुनी आहे.

तिचे गाजलेले उदाहरण अमेरिकेतल्या बॉस्टन शहरातले. तिथल्या फेडरल रिझर्व्ह बँकेतील अर्थतज्ज्ञ अ‍ॅलिशिया मनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० सालचे घरकर्जाचे अर्ज तपासले. कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक अर्जदारांपैकी २८ टक्के नाकारले गेले होते, गोऱ्यांपैकी १० टक्के. फरक १८ टक्क्यांचा. बँकांचे म्हणणे असे, की या लोकांची कमाई कमी, जुनी थकबाकी जास्त, मग नकारही जास्त असणारच. तेव्हा मनेल यांनी बँकांकडून प्रत्येक अर्जाबद्दल ३८ जादा बाबी मागवल्या. नोकरी, इतर कर्जे, पूर्वीची परतफेड, घराची किंमत असे सारे हिशेबात धरल्यावर फरक सुमारे ८ टक्क्यांवर आला. म्हणजे बँकांचे म्हणणे अर्ध्याहून थोडे अधिक खरे होते. उरलेल्या ८ टक्क्यांना मात्र उत्तर नव्हते. हे काम १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले, १९९६ मध्ये नामवंत अर्थशास्त्रीय नियतकालिकात आले, आणि त्यावर पुढे बरीच वर्षे वाद चालला. वादाचा एक मोठा मुद्दा होता, ‘सारखे’ म्हणताना काय काय मोजायचे. आपलेही बोलणे आज त्याच मुद्द्यावर येऊन थांबणार आहे.

आधी हिशेब कसा मांडतात ते पाहू. पुढचे आकडे समजुतीसाठी माझे मी घेतले आहेत. ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन गट, प्रत्येकी एक हजार अर्ज. ‘अ’ गटाचे ६१५ अर्ज मंजूर झाले, ‘ब’ गटाचे ४२०. शंभरामागे साडेएकोणीसचा फरक दिसतो. एवढ्यावर ओरड करणे घाईचे, आणि दुर्लक्ष करणेही चूक.

आता कमाई, चालू हप्ते आणि पूर्वीची परतफेड पाहून अर्जांचे तीन खण करू : भक्कम, मधले आणि कच्चे. भक्कम खणात ‘अ’चे ५०० अर्ज पडले आणि ‘ब’चे फक्त २००. मधल्यात ३०० आणि ४००, कच्च्यात २०० आणि ४००. इथेच एक गोष्ट उलगडते. ‘ब’ गटात भक्कम अर्जच कमी आहेत, तेव्हा एकूण फरकाचा मोठा भाग तिथून आला. तो समाजाच्या गरिबीचा भाग आहे. दुःख त्याचेही आहे, पण तो दोष या मॉडेलच्या पदरात टाकता येत नाही.

मग प्रत्येक खणात डोकावू. भक्कम खणात ‘अ’ला ८० टक्के मंजुरी आणि ‘ब’ला ७८. कच्च्या खणात २५ आणि २२. मधल्या खणात मात्र ‘अ’ला ५५ आणि ‘ब’ला ४४. एवढ्या अर्जांत निव्वळ योगायोगानेही सात-आठ टक्क्यांचा फरक पडू शकतो, म्हणून दोन-तीन टक्क्यांवरून काही सिद्ध होत नाही. अकरा टक्के त्यापलीकडचे आहेत. शिवाय फरक मधल्याच खणात निघावा, यालाही कारण आहे. भक्कम माणसाला कोणीही हो म्हणतो आणि अगदी कच्च्याला कोणीही नाही म्हणतो. काठावरच्या माणसाच्या बाबतीत तराजू ज्या बाजूला थोडा झुकलेला असेल, त्या बाजूला निकाल जातो. म्हणून एकूण सरासरी पाहून ‘फरक किरकोळ आहे’ असे कोणी सांगितले, तर काठावरचा खण वेगळा दाखवा असे म्हणावे.

पुढची पायरी कारण शोधण्याची. मॉडेलला दिलेल्या माहितीतील एकेक बाब काढायची, मॉडेल नव्याने शिकवायचे आणि मधला खण पुन्हा मोजायचा. समजा, पत्त्यावरून ठरणारी वस्तीची श्रेणी काढल्यावर ‘ब’ची मंजुरी ४४ वरून ५३ झाली आणि ‘अ’ची ५५ च राहिली, तर चोर सापडला. मॉडेलला कोणी धर्म किंवा जात सांगितली नव्हती. वस्तीच ती सांगत होती. त्यामुळेच, अर्जावरचे नाव बदलून पाहिले आणि निकाल बदलला नाही, एवढ्यावर मॉडेल निर्दोष ठरत नाही. ते नाव वाचतच नसेल.

आपल्याकडे वस्तीचा हा मुद्दा काल्पनिक नाही. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात नोंद आहे, की काही बँकांनी मुस्लिम वस्तीचे काही भाग ‘नकारात्मक भौगोलिक क्षेत्र’ ठरवल्याचे सांगण्यात आले आणि तिथे कर्ज सहजी मिळत नाही. आता असा विचार करा. एखाद्या वस्तीत वीस वर्षे कर्जे कमी दिली गेली, तर तिथे वेळेवर फेडलेल्या कर्जांच्या नोंदीही कमीच असणार. त्या नोंदींवर शिकलेले मॉडेल त्या वस्तीबद्दल साशंक राहणार. अधिकाऱ्याने तांबड्या पेन्सिलीने मारलेली रेघ पुसली गेली तरी तिचा वळ आकड्यांत शिल्लक राहतो. आणि तो पिन कोडमध्येच असेल असेही नाही. पनवेल आणि नवीन पनवेल यांचा पिन कोड एकच आहे, ४१०२०६. म्हणून कोणी ‘आम्ही पिन कोड वगळला’ म्हणाले तर विचारावे, की पत्त्याच्या ओळीतले मोहल्ला, आळी, सेक्टर हे शब्द वगळलेत का? शाखेचा क्रमांक वगळलात का?

आता तो कळीचा मुद्दा. समजा तपासणाऱ्याने खण पाडतानाच वस्तीची श्रेणीही ‘सारखेपणात’ धरली. मग मोहल्ल्यातल्या माणसाची तुलना मोहल्ल्यातल्याच माणसाशी होईल, सेक्टरमधल्याची सेक्टरमधल्याशी. अकरा टक्क्यांचा फरक दोन-तीनवर येईल आणि अहवालात लिहिले जाईल, ‘सारख्या अर्जदारांत भेद आढळला नाही’. अहवालातला प्रत्येक आकडा खरा असेल आणि निष्कर्ष पोकळ असेल. ज्या बाबीमुळे भेद होतो तीच बाब सारखी धरली, की भेद दिसेनासा होतो. उलट टोकाला, काहीच सारखे न धरता नुसते ६१५ आणि ४२० पुढे केले, तर गरिबीलाही भेदभाव म्हटले जाईल. म्हणून सारखेपणात काय धरायचे याची यादी तपासणी सुरू होण्याआधी, कारणांसह लिहून ठेवली पाहिजे. कमाई, हप्ते, परतफेड या गोष्टी माणसाच्या फेडण्याच्या ताकदीबद्दल बोलतात. वस्ती, शाखा, जामीनदाराचा पत्ता यांना यादीत यायचे असेल, तर त्यांनी आधी पुरावा द्यावा. मधल्या खणातून कर्ज मिळालेल्या दोन्ही गटांतल्या लोकांनी सारखीच फेड केली असेल, किंवा ‘ब’ने अधिक चोख केली असेल, तर वस्तीची धास्ती निराधार होती असा संशय बळावतो. पक्के मात्र म्हणता येत नाही, कारण ज्यांना नाकारले त्यांनी फेडले असते की नाही, हे कोणत्याच वहीत लिहिलेले नसते.

तपासणीला गट तर कळले पाहिजेत. अर्जावर धर्माची नोंद नसेल तर काही ठिकाणी आडनावावरून अंदाज करतात. कोकणात हा अंदाज फसतो. आम्हा कोकणी मुसलमानांत दळवी आहेत, देशमुख आहेत, मुकादम आहेत, नाईक आहेत. यंत्र त्यांना दुसऱ्या गटात टाकणार. गटांची अशी सरमिसळ झाली, की खरा फरक अकराचा असला तरी सात-आठच दिसतो, आणि सात-आठ म्हणजे योगायोग म्हणून फाईल बंद होते. तेव्हा ‘फरक आढळला नाही’ या वाक्यापुढे गट कसे ओळखले, हाही प्रश्न ठेवावा लागतो.

आणखी एक मर्यादा आहे. ही तपासणी अर्ज केलेल्यांचीच असते. ‘आपल्याला कोण देणार’ म्हणून बँकेच्या पायरीवरूनच परतलेला माणूस, किंवा व्याज नको म्हणून फिरकलाच नाही तो, यांपैकी कोणीही कोणत्याच खणात नसतो.

कर्ज देताना लिंग, जात आणि धर्म यांवरून भेद करू नये, असे रिझर्व्ह बँकेने २००३ मध्येच कर्जदात्यांसाठीच्या आचारसंहितेत सांगितले. लहान कर्ज नाकारल्यास मुख्य कारण लेखी कळवावे, हेही त्यात होते, आणि २००७ मध्ये ते सर्व कर्जांना लागू केले. यंत्रबुद्धीच्या वापराबद्दल रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या समितीचा अहवाल ऑगस्ट २०२५ मध्ये आला. आयआयटी मुंबईचे प्रा. पुष्पक भट्टाचार्य तिचे अध्यक्ष होते. तिने सांगितलेल्या सात सूत्रांत न्याय्यता आणि समता हे एक सूत्र आहे. सूत्र चांगलेच आहे. पण ते पाळले गेले असे सांगणारा कागद जेव्हा पुढे येईल, तेव्हा शेवटच्या पानावरचा निष्कर्ष नंतर वाचावा. आधी ते पान उघडावे, ज्यावर कोणाला कोणासारखे धरले ते लिहिलेले आहे. ते पानच नसेल, तर मोहल्ल्यातल्या त्या टेम्पोवाल्याची तपासणी अजून व्हायची आहे असे समजावे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)