उजवा पाय लुळा, चटका डाव्याला कळेना

पाठीत उजव्या बाजूने सुरा घुसलेला एक रुग्ण डोळ्यांसमोर आणा. छातीच्या आठव्या मणक्याच्या पातळीवर मज्जारज्जूचा फक्त उजवा अर्धा भाग कापला गेला आहे. त्याचा उजवा पाय हलत नाही. डावा पाय मात्र व्यवस्थित हलतो, पण त्याला टाचणी टोचलेली दुखत नाही आणि गरम पाण्याचा चटकाही कळत नाही.

असं उलटसुलट का? कारण हालचाल, कंपन-स्थिती आणि वेदना-तापमान यांचे तिन्ही मार्ग बाजू बदलतात, पण वेगवेगळ्या ठिकाणी.

हालचालीचा आदेश नेणारे बहुतेक तंतू मेंदूच्या तळाशी, लंबमज्जेतच बाजू बदलून खाली येतात. म्हणून उजव्या पायाचा आदेश मज्जारज्जूत उजवीकडूनच जातो. त्याच पायाच्या कंपनाची आणि स्थितीची जाणीवही उजवीकडूनच वर चढते आणि लंबमज्जेत ओलांडते. वेदना आणि तापमान मात्र मज्जारज्जूत शिरताच, एक-दोन पातळ्यांत पलीकडे जातात. डाव्या पायाची वेदना त्यामुळे उजव्या भागातूनच वर जात होती, आणि वाट तिथेच तुटली.

ओलांडायला लागणाऱ्या या एक-दोन पातळ्यांमुळे डावीकडची बधिरता जखमेच्या थोडी खाली, साधारण बेंबीच्या आसपास सुरू होते. डॉक्टर टाचणी खालून वर टोचत नेतात आणि ती सीमा शोधतात. कंपन तपासायला घोट्याच्या हाडावर ट्यूनिंग फोर्क टेकवतात. उजवीकडे ते जाणवत नाही.

मॉरिशसमध्ये जन्मलेल्या ब्राऊन-सेकार यांनी १८५० च्या सुमारास प्राण्यांवरील प्रयोगांतून हे उलगडलं, म्हणून लक्षणसमूहाला त्यांचंच नाव आहे. प्रत्यक्षात इतका नेमका अर्धा छेद क्वचितच होतो. बहुतेक रुग्णांत चित्र अर्धवट असतं.