‘चर्चा होऊन मंजूर’ म्हणजे नेमकं काय?

आमच्या सोसायटीच्या इतिवृत्ताच्या जुन्या वहीत एक नोंद आहे. मी सचिव होण्याआधीची, त्यामुळे अक्षर कोणाचं ते सोडून देऊ. नोंद अशी : ‘गच्चीच्या गळतीबाबत चर्चा झाली. वॉटरप्रूफिंग करून घ्यावे असे सर्वांचे मत पडले. खर्च अंदाजे अडीच लाख. मंजूर.’

पावसाळा सरता सरता कंत्राटदाराचं तीन लाख बारा हजारांचं बिल आलं तेव्हा ही वही उघडली गेली आणि जो तो ती आपल्या परीने वाचू लागला. ‘अंदाजे’ म्हणजे वर किती चालेल? अडीच लाख जीएसटी धरून, की वेगळा? काम याच माणसाला द्यायचं असं ठरलं होतं का? खजिनदार म्हणाले, “मी त्या दिवशी नकोच म्हणालो होतो.” म्हणाले असतीलही. वहीत नाही. समितीतल्या एका काकूंना तर आपण त्या सभेला होतो की नव्हतो हेच आठवेना, आणि सह्यांच्या रकान्यात त्यांची सही होती.

घोळाचं मूळ असं, की लिहिणाऱ्याने इतिवृत्त लिहिलं, ठराव लिहिलाच नाही. सभेत काय काय झालं ते इतिवृत्त, आणि त्यातून संस्थेने काय करायचं ठरवलं तो ठराव. चर्चा दोन ओळींत उरकली तरी बिघडत नाही. किंबहुना तशीच उरकावी. कोण कोणावर चिडलं हे वहीत कशाला? ठरावाचं वाक्य मात्र असं हवं, की त्या दिवशी खोलीत नसलेला माणूस, म्हणजे लेखापरीक्षक, बँकेचा अधिकारी किंवा पाच वर्षांनी येणारा नवा सचिव, कोणाला काही न विचारता त्यावरून काम करू शकेल.

पुढे दुसऱ्या विंगची गच्ची गळायला लागली तेव्हा वही माझ्याकडे होती. नऊ जणांची समिती, सात हजर. गणपूर्तीला निम्म्याहून अधिक, म्हणजे पाच पुरे होते. तेव्हाची नोंद नावं काढून इथे देतो.

विषय क्र. ३ : ‘ब’ विंगच्या गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे काम देण्याबाबत.

ठराव क्र. ३ : संस्थेच्या दि. २२/०९/२०२४ रोजीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेने ठराव क्र. ७ अन्वये सदर कामासाठी सर्व करांसह रु. ३,५०,०००/- पर्यंतच्या खर्चास मंजुरी दिलेली आहे. त्यानुसार मागविलेली तीन दरपत्रके आजच्या सभेपुढे ठेवण्यात आली. सर्वांत कमी दर रु. २,६१,०००/- असला तरी त्या दरपत्रकात कामाची हमी नमूद नाही. दुसऱ्या क्रमांकाच्या दरपत्रकात दहा वर्षांची लेखी हमी आहे. सबब असे ठरविण्यात येते की, सदर काम मे. अबक यांना रु. २,८४,०००/- अधिक १८ टक्के जीएसटी रु. ५१,१२०/-, एकूण रु. ३,३५,१२०/- इतक्या रकमेस देण्यात यावे. खर्च दुरुस्ती निधीतून करावा. मूळ रकमेच्या २५ टक्के आगाऊ व ६५ टक्के काम पूर्ण झाल्यावर द्यावेत. उर्वरित १० टक्के, म्हणजे रु. २८,४००/-, दि. ३०/०९/२०२५ पर्यंत गळती न आढळल्यास द्यावेत. काम दि. ३१/०५/२०२५ पर्यंत पूर्ण करून घ्यावे. कार्यादेश देण्याचा व करारावर संस्थेच्या वतीने सही करण्याचा अधिकार सचिवांना देण्यात येत आहे.

सूचक : श्रीमती क (सदनिका क्र. ११)
अनुमोदक : श्री. ख (सदनिका क्र. २४)
बाजूने ६, विरोधात १. ठराव बहुमताने मंजूर.
श्री. ग (सदनिका क्र. ५) यांनी, सर्वांत कमी दर डावलू नये, या कारणास्तव ठरावास विरोध नोंदविला.

या सगळ्याचा खुंटा ‘सबब असे ठरविण्यात येते की’ या शब्दांत आहे. त्याच्या आधी कारणं, नंतर हुकूम. मागचे दाखले वाचायला कंटाळवाणे असतात, पण पहिलंच वाक्य काढून टाकलं तर हा ठराव टिकत नाही. समितीला सर्वसाधारण सभेच्या मंजुरीवाचून दुरुस्तीवर किती खर्च करता येईल, याची मर्यादा उपविधींत सदस्यसंख्येनुसार घालून दिलेली असते. आमच्यासारख्या बत्तीस सदनिकांच्या संस्थेची मर्यादा तीन लाखांच्या जवळपासही जात नाही. त्यामुळे मोठ्या सभेने साडेतीन लाखांची परवानगी कधी आणि कोणत्या ठरावाने दिली, हे इथे लिहिल्याशिवाय समितीला या कामाला हात घालण्याचा अधिकारच उरत नाही. खर्चाचा आकडा कर मिळवून लिहिला, तोही याचसाठी. मूळ २,८४,००० चाच आकडा लिहिला असता आणि जीएसटी मागाहून चढला असता, तर मंजूर मर्यादेत बसतो की नाही हे वाचणाऱ्याला स्वतः मांडून बघावं लागलं असतं.

सर्वांत कमी दर सोडला, याचं कारणही ठरावातच हवं. ते तोंडी सांगून चालत नाही. तेवीस हजारांचा फरक हा सोसायटीत वर्षभर पुरणारा विषय आहे आणि ‘सचिवांचा काही तरी हिशेब असेल’ हे वाक्य जिन्यात फार लवकर चढतं. हमी नव्हती म्हणून सोडला, एवढं लिहिलं की निदान वादाला तरी एक ठिकाण मिळतं.

आता सूचक आणि अनुमोदक. ही सभाशास्त्राची जुनी रीत आहे. एकाने ठराव मांडायचा आणि दुसऱ्याने त्याला अनुमोदन द्यायचं. म्हणजे विषय एकट्याच्या डोक्यातला नाही, निदान दोघांना तो सभेपुढे यावा असं वाटतं, हे दिसतं. मतदान त्यानंतर. अनुमोदन म्हणजे मंजुरी नव्हे, हे नव्या सभासदांना हमखास सांगावं लागतं.

प्रत्यक्षात काय होतं, तर सभा संपते, चहा होतो, माणसं पांगतात आणि दोन दिवसांनी सचिव घरी बसून वही लिहिताना आळीपाळीने नावं टाकत जातो. मागच्या ठरावाला हे सूचक होते, आता ते अनुमोदक होऊ देत. मीही सुरुवातीला हेच केलं. एका वर्षी लेखापरीक्षकांनी वहीत पेन्सिलीची बारीक खूण करून विचारलं, “हे अनुमोदक सभेला होते का?” उपस्थितीच्या रकान्यात त्यांची सही नव्हती. ते त्या आठवड्यात गावी गेले होते. तेव्हापासून ठराव वाचून झाला की मी तिथेच विचारतो, “सूचक कोण?” एक हात वर होतो. “अनुमोदक?” दुसरा होतो. नावं त्याच क्षणी कच्च्या कागदावर उतरतात. सूचकाला आपण नेमकं काय मांडतोय ते ऐकावं लागतं, हा वरचा फायदा. श्रीमती क यांनीच त्या दिवशी थांबवून विचारलं होतं, “दहा टक्के रोखायचे ते कधीपर्यंत?” मसुद्यात तारीख नव्हती. ३० सप्टेंबर त्यांच्यामुळे आली.

निकालाच्या ओळीत मात्र आपण फार उदार असतो. ‘सर्वानुमते मंजूर’ हे शब्द सवयीने, पूर्णविरामासारखे पडतात. एकजण जरी विरोधात असला तरी ते खोटं ठरतं. ‘बहुमताने’ लिहिलं तर आकडे लिहावेत. कोणी तटस्थ राहिलं तर तेही लिहावं. समसमान मतं पडून अध्यक्षांनी निर्णायक मत दिलं असेल, तर त्याची वेगळी नोंद हवी.

श्री. ग यांचा विरोध वहीत घ्यावा की नाही, यावर त्या संध्याकाळी अर्धा तास गेला. “कशाला उगाच वाईटपणा? सर्वानुमते लिहा,” असं दोघांचं म्हणणं पडलं. श्री. ग अडून बसले, आणि बरोबर अडून बसले. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे समितीने घेतलेल्या निर्णयांना समितीचे सदस्य संयुक्तपणे आणि वैयक्तिकरीत्याही जबाबदार असतात. संस्थेचं नुकसान झालं तर बोट एकट्या सचिवाकडे दाखवून सुटका होत नाही. ज्याला निर्णय मान्य नाही त्याचं वेगळं मत कार्यवृत्तात नोंदलेलं असेल, तर त्या निर्णयापुरती त्याच्यावर जबाबदारी येत नाही. त्याला हवं असेल तर निबंधकांकडेही सात दिवसांत लेखी कळवता येतं. म्हणजे पहिल्या गच्चीच्या वेळी आमचे खजिनदार ‘नकोच’ म्हणाले होते, ते खरं असलं तरी त्यांच्या उपयोगाचं नव्हतं. एक ओळ लिहून घेतली असती तर ते मोकळे होते.

वहीबद्दल थोडंसंच सांगतो. पानांना छापील क्रमांक असलेली बांधीव वही घ्यावी. दोन ठरावांमध्ये मोकळी जागा राहिली तर तिच्यावर तिरकी रेघ ओढावी. चूक झाली तर एका रेघेने खोडून शेजारी लहान सही करावी. पांढरं शाईखोड दिसलं की वाचणारा आधी तेच नखाने खरवडून बघतो. आणि ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ या शेवटच्या खुंटीवर तीन लाखांचं काम टांगू नये. विषयपत्रिकेत ते नव्हतंच, मग गैरहजर माणसाला कळणार कुठून?

गैरहजर माणसावरून आठवलं. त्या सभेला नऊपैकी दोघं नव्हते. पुढच्या महिन्याच्या सभेचा पहिला विषय नेहमीचाच : ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.’ मी वाचलं, माना डोलल्या, वही सह्यांसाठी फिरायला लागली. दोघांपैकी एक, निवृत्त पोस्टमास्तर, पेन हातात घेऊन थांबले. “मी तर त्या दिवशी नव्हतो. मी कशाला कायम करू?”

इतिवृत्त कायम करणं म्हणजे जे घडलं ते नीट लिहिलंय याला दुजोरा देणं, ठरावाला पुन्हा मत देणं नव्हे, असं आपण समजतो आणि सभेच्या रीतीप्रमाणे ते बरोबरही आहे. पण सहकार कायद्यात या गैरहजरांसाठी एक बारीक कंगोरा आहे. जो सदस्य सभेला नव्हता आणि ज्याने नंतर त्या सभेचं कामकाज कायमही केलं नाही, तो त्या कामकाजाला जबाबदार धरला जात नाही. नव्हता, पण नंतर कायम करायला हात वर केला, तर ही ढाल गेली.

मास्तरांचा गच्चीला विरोध नव्हता. त्यांच्याच डोक्यावर ती गळत होती. तरी त्यांनी सही केली नाही. मी ठराव क्र. १ खाली लिहिलं : ‘दि. १२/०४/२०२५ रोजीच्या सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले. सदर सभेस अनुपस्थित असलेले दोन सदस्य इतिवृत्त कायम करण्यात सहभागी झाले नाहीत.’ मग सूचक कोण म्हणून विचारलं, आणि सगळ्यांनी सवयीने मास्तरांकडे बघितलं.