तुमच्याबद्दल कुणाला विचारायचं?

मुलाखतीच्या दोन फेऱ्या झालेल्या असतात, पगाराचं बोलणं जवळपास ठरलेलं असतं, आणि शुक्रवारी संध्याकाळी एच.आर.चा दोन ओळींचा ई-मेल येतो: सोमवारपर्यंत तीन रेफरन्स पाठवा. मग मोबाइलमधली नावं वरखाली सरकायला लागतात. जुने बॉस, कॉलेजचे सर, सहकारी बँकेत संचालक असलेले काका. तीन नावं, तीन नंबर टाइप होतात, ई-मेल जातो आणि उमेदवार निश्चिंत होतो. ज्यांची नावं दिली त्यांना मात्र याचा पत्ताही नसतो.

नाव शोधताना आधी मोठा माणूस आठवतो, त्याचं कारण सवयीत आहे. आपल्याकडे कागदोपत्री ओळख लागते ती बहुतेक वेळा चारित्र्यासाठी. पासपोर्टच्या अर्जात दोन ओळखीच्या व्यक्तींची नावं आणि पत्ते द्यावे लागतात, आणि तिथं शेजारी चालतो. नोकरीच्या रेफरन्सचं काम वेगळं आहे. पलीकडच्या माणसाला उमेदवार सज्जन आहे का, एवढंच जाणून घ्यायचं नसतं. त्याचं काम डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाशी दहा मिनिटं बोलायचं असतं. काका कितीही वजनदार असले तरी दुसऱ्याच प्रश्नाला अडखळतात.

नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात काम करणारी एक क्वालिटी इंजिनिअर उदाहरणादाखल घेऊ. अनुभव आठ वर्षांचा: पहिली तीन वर्षं अंबडमधल्या एका कंपनीत, नंतरची पाच इथं. आता तिला चाकणच्या कंपनीत सप्लायर क्वालिटीची जागा हवी आहे. म्हणजे माल पुरवणाऱ्या छोट्या कारखान्यांत जायचं, त्यांची तपासणी करायची, खराब माल का येतो ते शोधायचं आणि तो थांबवायचा. तिच्या डोक्यात सात नावं आहेत.

सध्याचे मॅनेजर पहिल्याच फटक्यात बाद, कारण ती नोकरी बदलतेय हे त्यांना ठाऊक नाही. नोटीस पिरियड तीन महिन्यांचा असेल आणि ऑफर लेटर हातात नसेल, तर ही बातमी फुटणं परवडत नाही. त्याच कारखान्यातला प्रॉडक्शनचा सहकारी याच कारणानं बाद. कॉलेजच्या सरांनी तिला शेवटचं काम करताना पाहिलं ते आठ वर्षांपूर्वी. फ्रेशरसाठी ते उत्तम, तिच्यासाठी नाहीत. काकांचं वर झालंच. राहिले तिघे. दीड वर्षापूर्वीपर्यंत ज्यांच्या हाताखाली ती होती आणि जे आता वाळूजला दुसऱ्या कंपनीत आहेत, ते मॅनेजर. ग्राहक कंपनीकडून दर तीन महिन्यांनी तिच्या लाइनची तपासणी करायला येणारे अधिकारी. आणि अंबडच्या कंपनीतले तिचे पहिले साहेब, आता निवृत्त.

या तिघांत खरं सोनं दुसरं नाव आहे. उद्या तिला जे काम करायचंय तेच हा माणूस आज करतो. तपासणीत चूक सापडली तेव्हा तिनं ती लपवली की मान्य केली, दिलेल्या तारखेला सुधारणा झाली की नाही, हे त्यानं समोरून पाहिलंय. चाकणचा मॅनेजर त्याच्याशी पाच मिनिटं बोलला तरी त्याला हवं ते कळेल. अडचण एकच: अनेक कंपन्या बाहेरच्या कुणाबद्दल मत द्यायला आपल्या माणसांना मनाई करतात. म्हणून त्यांना विचारताना पहिला प्रश्न हाच हवा की, कंपनीच्या नियमात हे बसतं का.

ही मनाई उगाच आलेली नाही. ब्रिटनमध्ये एका विमा कंपनीनं आपल्या माजी कर्मचाऱ्याबद्दल इतका वाईट रेफरन्स दिला की त्याला त्या क्षेत्रात पुन्हा नोकरी मिळेना. तो कोर्टात गेला, आणि 1994 साली ‘स्प्रिंग विरुद्ध गार्डियन अ‍ॅश्युरन्स’ या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सनं निकाल दिला की रेफरन्स देताना पुरेशी काळजी घेणं ही मालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. नोकरीत कधी लागला, कधी गेला आणि हुद्दा काय, एवढंच उत्तर तिथल्या कित्येक कंपन्या आज देतात. लंडन-लीड्सकडे नोकरी करून परतलेल्या मराठी माणसाला तिकडून असं कोरडं पत्र आलं, तर त्यात नाराजी शोधायची गरज नाही.

आता विचारायचं कसं? ‘सर, तुमचं नाव रेफरन्सला देऊ का?’ असं विचारलं की उत्तर ‘हो हो, दे की’ असंच येतं, कारण नाही म्हणणं अवघड जातं. त्याऐवजी असं विचारावं: ‘सर, माझं काम तुम्ही जवळून पाहिलंय. या जागेसाठी कुणी तुमच्याशी दहा-पंधरा मिनिटं सविस्तर बोललं तर तुम्हाला चालेल का? नको वाटत असेल तर मोकळेपणानं सांगा.’ शेवटचं वाक्य शिष्टाचारापुरतं नाही. समोरच्याला सुटायला वाट दिली की त्याचा खरा कल दिसतो. ‘बघू, तेव्हा आठवण कर’ किंवा ‘एच.आर.लाच विचारलेलं बरं’ असं उत्तर आलं तर आभार मानून दुसरं नाव शोधावं. कोमट रेफरन्स हा वाईट रेफरन्सइतकाच नडतो. फोनवरची ती क्षणभराची शांतता अनुभवी एच.आर. बरोबर टिपतो.

होकार मिळाल्यावर पुढचं काम बहुतेक जण करतच नाहीत: त्या माणसाला तयार करणं. वाळूजच्या मॅनेजरच्या हाताखालून दीड वर्षात कितीतरी लोक गेले असतील. ‘चांगली मुलगी आहे, मेहनती आहे’ यापलीकडे त्यांना ऐन वेळी काही आठवलं नाही, तर दोष त्यांचा नाही. म्हणून अर्ध्या पानाचा ई-मेल जायला हवा, सोबत रेझ्युमे आणि जागेची जाहिरात. मजकूर साधारण असा:

‘सर, जागा सप्लायर क्वालिटीची आहे, पुरवठादारांकडे जाऊन तपासणी करणं हे मुख्य काम. तुम्हाला कदाचित ब्रॅकेटच्या कास्टिंगचं प्रकरण आठवेल. दहा लाख नगांमागे साधारण 4,200 नग परत येत होते, 14 महिन्यांत ते 900 वर आले. त्यासाठी आपण फाउंड्रीत तीनदा जाऊन आलो होतो. मी तुमच्याकडे जून 2020 ते डिसेंबर 2023 होते. प्रॉडक्शनशी माझे सुरुवातीला खटके उडायचे, हे मी मुलाखतीत स्वतःच सांगितलंय. फोन पुढच्या आठवड्यात, अनोळखी नंबरवरून येऊ शकतो.’

यात आठवण आहे, आकडा आहे, तारखा आहेत. पण सर काय बोलणार हे ठरवून दिलेलं नाही. ही मर्यादा पाळावी लागते. तिघांच्या तोंडी तेच वाक्य आलं की विचारणाऱ्याला वास येतो. खटक्यांची ओळही महत्त्वाची आहे. ‘कुठं कमी पडते?’ आणि ‘संधी मिळाली तर पुन्हा घ्याल का?’ हे प्रश्न हमखास येतात. दुसऱ्या प्रश्नाला चटकन ‘हो’ येणं हे बऱ्याच एच.आर.ना सगळ्या कौतुकापेक्षा मोलाचं वाटतं. पहिल्याचं उत्तर सरांनी मनापासून द्यावं. उमेदवारानं मुलाखतीत जे सांगितलं त्याच्याशी ते भिडू नये, एवढंच.

अनोळखी नंबरचा उल्लेख किरकोळ वाटेल. दिवसाला पाच-सहा कर्जाचे फोन घेणारा माणूस अनोळखी नंबर उचलत नाही, आणि दोनदा फोन न उचलला गेल्यावर एच.आर.च्या फाइलमध्ये ‘संपर्क झाला नाही’ असा शेरा पडतो.

ही तिन्ही नावं रेझ्युमेत घालू नयेत. रेझ्युमे नोकरीच्या पोर्टलवर चढतो, तिथून कन्सल्टंटकडे, तिथून कुठल्याही हातात जातो. त्यासोबत सरांचा मोबाइल नंबरही फिरतो. काही प्लेसमेंटवाले तर पहिल्याच फोनवर रेफरन्स मागतात. त्यांना उमेदवाराची चौकशी करायची नसते, त्या मॅनेजरलाच गिऱ्हाईक करायचं असतं. मुलाखत झालेली नसताना नावं मागितली, तर ‘शेवटच्या फेरीनंतर देते’ हे उत्तर पुरेसं आणि सभ्य आहे. रेझ्युमेच्या तळाशी ‘रेफरन्स मागितल्यास देऊ’ असं लिहायचीही गरज नाही. मागितल्यावर द्यायचे असतात हे सगळ्यांना माहीत असतं. ती ओळ कामाच्या एखाद्या गोष्टीला द्यावी.

त्याऐवजी एक वेगळं पान तयार ठेवायचं. वर रेझ्युमेवर आहे तसंच स्वतःचं नाव, मोबाइल, ई-मेल, त्याच अक्षरांच्या वळणात, म्हणजे दोन कागद एकाच माणसाचे आहेत हे दिसतं. खाली एकेक नोंद, मध्ये मोकळी जागा. प्रत्यक्षात हे पान इंग्रजीतच जातं. एका नोंदीतला मजकूर असा:

(नाव), सीनिअर मॅनेजर, क्वालिटी
सध्याची कंपनी, वाळूज, छत्रपती संभाजीनगर
नातं: जून 2020 ते डिसेंबर 2023, सातपूरच्या कंपनीत माझे थेट वरिष्ठ
काय सांगू शकतील: कास्टिंगमधला खराब माल कमी करण्याचं काम
मोबाइल, ई-मेल, फोन संध्याकाळी 6 नंतर, मराठी, हिंदी, इंग्रजी

‘नातं’ ही ओळ बहुतेक पानांवर नसते आणि तीच सगळ्यात जास्त लागते. तिच्याशिवाय वाळूजचा मॅनेजर सातपूरच्या कामाबद्दल का बोलतोय, हे कळत नाही. पार्श्वभूमी तपासणाऱ्या एजन्सी बहुधा कंपनीचा अधिकृत ई-मेल मागतात. नोकरी बदललेल्या माणसाकडे जुन्या कंपनीचा तो नसतोच. तिथं नव्या कंपनीचा ई-मेल आणि लिंक्डइनचा पत्ता द्यावा. निवृत्त साहेबांच्या नोंदीत ‘निवृत्त’ असं स्पष्ट लिहावं आणि खाजगी ई-मेल द्यावा. पानाच्या तळाशी एक ओळ: सध्याच्या कंपनीत चौकशी राजीनाम्यानंतरच करावी.

सगळ्यात जास्त घोटाळा तारखांत होतो. रेझ्युमेत मार्च, रिलिव्हिंग लेटरवर एप्रिल, सरांच्या तोंडी ‘उन्हाळ्यात कधीतरी’. पीएफच्या खात्यात, म्हणजे यूएएनच्या नोंदीत, लागल्याची आणि सोडल्याची तारीख असते आणि तपासणारे ती मागतात. म्हणून पान लिहायला बसण्याआधी ती नोंद उघडून तारखा तिथून घ्याव्यात. कागदावर हुद्दा ‘ज्युनिअर इंजिनिअर’ असेल तर सरांनी प्रेमानं ‘टीम लीडर’ म्हटलं तरी प्रश्न उभा राहतो.

एवढं करून रेफरन्सचं वजन किती? अमेरिकेतल्या फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी 1998 साली 85 वर्षांच्या संशोधनाचा एकत्र हिशेब मांडला. निवडीची कुठली पद्धत माणसाच्या पुढच्या कामाचा किती अंदाज देते, हे त्यांनी शून्य ते एक या मापात बसवलं. प्रत्यक्ष काम करून घेणाऱ्या चाचणीला 0.54, ठरावीक प्रश्नांच्या मुलाखतीला 0.51, रेफरन्सच्या चौकशीला 0.26. म्हणजे दोघांत निवड करायची असेल तेव्हा तो पारडं झुकवू शकतो. पडलेली मुलाखत सावरत नाही.

पान पाठवल्यावर त्याच तासात तिघांना मेसेज जायला हवा: नावं आज दिली, कंपनी अमुक, फोन बहुधा मंगळवारी. निकाल लागला की तोही कळवावा, नोकरी मिळाली नाही तरी. पुढच्या अर्जाच्या वेळी त्याच माणसांना पुन्हा त्रास द्यायचा असतो. दोन महिन्यांत एकाच सरांना चार कंपन्यांचे फोन गेले तर चौथ्या वेळी आवाजातला उत्साह उतरतो. म्हणून चौथं नाव राखीव ठेवावं आणि आलटून पालटून द्यावं. वाळूजचे सरही वर्षभरात कंपनी बदलू शकतात, तेव्हा प्रत्येक वेळी पान पाठवण्याआधी त्यांचा हुद्दा आणि ई-मेल पुन्हा विचारून घ्यावा लागतो.