दिवाळीच्या गडबडीत क्रशला मेसेज करताय? आधी फोन कुठे ठेवलाय ते ओळखा

दिवाळीच्या आधीचा आठवडा. एरवी पाच मिनिटांत उत्तर देणारी व्यक्ती आता चार-चार तास ऑनलाइन दिसत नाही. मेसेज पोहोचतो, निळी टिकही येते, पण उत्तर येत नाही. आवडत्या व्यक्तीकडून असं झालं की मनात शंका येतात. राग आला का? टाळतेय का? टाळतोय का? बहुतेक वेळा उत्तर साधं असतं. त्या व्यक्तीचे हात तेला-पिठात असतात, नाहीतर ती स्टुलावर चढून माळ्यावरचे डबे खाली देत असते.

अशा वेळी पाठवलेला एक हलका, खट्याळ मेसेज दिवसभराचा शीण घालवू शकतो, आणि चुकीच्या वेळी पाठवलेला तोच मेसेज घरभर चर्चेचा विषय होऊ शकतो. फरक शब्दांत थोडा असतो. जास्त फरक पडतो तो समोरच्या घरात त्या क्षणी काय चाललंय, हे ओळखण्यात.

फोन नेमका कुठे असतो?

फराळाच्या दिवसांत फोन खिशात नसतो. तो ओट्यावर डब्याला टेकवून उभा केलेला असतो आणि त्यावर शंकरपाळ्यांचा किंवा अनारशांचा व्हिडिओ चालू असतो. समोर आई असते, बाजूला काकू, कधी आजी. तेवढ्यात स्क्रीनच्या वरच्या बाजूला तुमच्या मेसेजची पट्टी सरकत येते. तुमचं नाव आणि मेसेजची पहिली ओळ सगळ्यांना एकदम दिसते.

म्हणून पहिला नियम असा, की मेसेजची पहिली ओळ घरातल्या कुणीही वाचली तरी चालेल अशी असावी. ‘मिस करतोय गं’ ही सुरुवात काकूंच्या डोळ्यांसमोर झळकली, तर पुढचा तासभर समोरच्या व्यक्तीलाच उत्तरं द्यावी लागतात. त्याऐवजी ‘चकल्यांना काटे आले का?’ ही सुरुवात निर्धोक आहे. काकूंनी वाचली तरी त्या म्हणतील, ‘सांग, आलेत म्हणून.’

व्हॉइस नोट या दिवसांत शक्यतो नकोच. हात भरलेले असल्याने ती स्पीकरवर लावली जाते. पाठवलेला मेसेज घाबरून डिलीट करण्याचाही फारसा उपयोग नसतो. मेसेज पुसल्याची खूण मागे राहते आणि मग ‘काय पुसलं?’ हा नवा प्रश्न सुरू होतो.

कोणतं काम मध्येच सोडता येतं?

सगळी कामं सारखी नसतात. बेसनाच्या लाडवांसाठी पीठ तुपात मंद आचेवर भाजताना सतत ढवळावं लागतं. हात थांबला की पीठ तळाला लागतं. रव्याच्या लाडवांच्या पाकाचंही तसंच आहे. एकतारी पाकाची वेळ चुकली की लाडू दगडासारखे होतात. या वेळी आलेला मेसेज वाचलाच जात नाही, किंवा घाईत उघडून विसरला जातो.

करंज्यांची बैठक वेगळी. कुणी पुऱ्या लाटतं, कुणी सारण भरतं, कुणी कातणं फिरवतं. भरलेल्या करंज्या वाळू नयेत म्हणून ओल्या कापडाखाली ठेवलेल्या असतात. इथे गप्पा भरपूर असतात, पण एक माणूस उठला की साखळी तुटते. फोनकडे लक्ष जातं ते तळण संपल्यावर, हात धुऊन, डबे भरून झाल्यावर. साधारणपणे दुपारच्या चहाची वेळ आणि रात्रीची जेवणं आटोपल्यानंतरचा अर्धा तास, या दोन वेळा मोकळ्या असतात. मेसेज तेव्हा जावा.

साफसफाईच्या दिवसाचं गणित सोपं आहे. दिवसभर धूळ, संध्याकाळी अंघोळ, आणि मग पंख्याखाली लोळत फोन. त्या दिवशी संध्याकाळचा मेसेज हमखास वाचला जातो.

मेसेज कसा असावा?

चांगल्या मेसेजमध्ये तीन गोष्टी असतात: तिच्या किंवा त्याच्या आजच्या कामाची दखल, त्यावर एक छोटी चिमटीभर गंमत, आणि उत्तर न देण्याची मोकळीक. तिसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात. ‘काय करतेस?’, ‘बिझी आहेस का?’, ‘रिप्लाय तर दे’ हे मेसेज दिसायला साधे असले तरी प्रत्येकात एक मागणी आहे. आधीच दहा कामं डोक्यावर असलेल्या माणसाला ते अकरावं काम वाटतं.

गंमत शोधायला लांब जावं लागत नाही, फराळाची भाषाच पुरेशी खट्याळ आहे. अनारशांचंच बघा. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग कुटून त्यात गूळ मिसळायचा. एवढं करूनही पीठ बिघडलं तर अनारसा तुपात पसरून फुटतो. त्याला स्वयंपाकघरात ‘अनारसा हसला’ म्हणतात. आता हा मेसेज वाचा:

‘अनारसे हसले नाहीत ना? ते हसले तर पंचाईत. तू हसलीस तर चालेल. उत्तर नको, आधी तळण संपव.’

पहिली ओळ घरात कुणीही वाचावी अशी आहे. दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत ती गोष्ट आली, जी फक्त तिच्यासाठी आहे. शेवटच्या ओळीने तिला मोकळं केलं. मेसेज मुलाला पाठवायचा असेल तर ‘हसलास’ करा, बाकी काही बदलावं लागत नाही.

आकाशकंदील लावायला शिडीवर चढलेल्या मुलासाठी असं लिहिता येईल: ‘कंदील सरळ लागला का? फोटो पाठव कधीतरी. फोटोत लावणारा अर्धा दिसला तरी तक्रार नाही.’ इथेही ‘कधीतरी’ या एका शब्दाने घाई काढून टाकली आहे.

टाळायचं काय? दिसण्यावरून, कपड्यांवरून थेट शेरे. ‘घामाघूम झालेली कशी दिसत असशील’ हे गमतीत लिहिलं तरी वाचणाऱ्याला अवघड वाटू शकतं. कामाची, हाताच्या चवीची, विनोदबुद्धीची तारीफ सुरक्षित असते आणि जास्त लक्षात राहते.

एक आठवडा, चार मेसेज

समजा, दोघं एकाच ऑफिसात आहेत. सहा महिन्यांची ओळख, एकमेकांना ‘तू’ म्हणतात, चहाला सोबत जातात. ती सुट्टी घेऊन नाशिकला घरी गेली आहे, तो पुण्यात आहे.

रविवारी घराची सफाई असल्याचं तिने आधीच सांगितलं होतं. रात्री साडेआठला त्याचा मेसेज जातो: ‘माळ्यावर काय खजिना सापडला? शाळेतलं प्रगतिपुस्तक निघालं असेल तर गणिताचे मार्क मला कळायलाच हवेत.’ ती हसण्याचा इमोजी टाकते आणि एक जुना फोटो पाठवते. हा चांगला इशारा आहे, कारण मागितलं त्यापेक्षा तिने स्वतःहून जास्त दिलं.

मंगळवारी चकल्या. दुपारी चारच्या सुमारास तो लिहितो: ‘चकलीचे तुकडे पडत असतील तर पिठात पाण्याचा हात लाव, असं आमची आजी सांगते. तुटलेल्या चकल्या खाणारा माणूस हवा असेल तर तोही माझ्या ओळखीचा आहे.’ उत्तर रात्री दहाला येतं: ‘दमले रे. तुटलेल्या बाजूला ठेवल्यात.’ सहा तासांनी आलेलं हे उत्तर पाच मिनिटांत आलेल्या ‘हो’पेक्षा मोलाचं आहे. त्या शेवटच्या वाक्यात त्याची आठवण ठेवली गेली आहे.

नरक चतुर्दशीला तो सकाळी साडेसातला लिहितो: ‘उटण्याचा वास पुण्यापर्यंत आला. शुभ दीपावली, घरच्यांनाही.’ पहाटे साडेचारला तो लिहीत नाही. तेव्हा घरात अभ्यंगस्नानाची रांग लागलेली असते आणि ‘पहिली विश माझी’ या स्पर्धेत फक्त झोपमोड होते. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तो गप्प बसतो. ती वेळ घराची असते.

चौथा मेसेज दिवाळी संपल्यावर जातो: ‘तुटलेल्या चकल्या अजून शिल्लक असतील तर चहा माझ्याकडून. सोमवार नको असेल तर नंतर कधीही, आणि नुसता डबा दिलास तरी चालेल.’ यात विचारणा आहे, पण नकार द्यायलाही सोपी वाट ठेवली आहे.

पाडवा आणि भाऊबीज: जरा जपून

दिवाळीच्या दिवसांना आपापली नाती जोडलेली आहेत. पाडव्याला पत्नी पतीला ओवाळते. त्यामुळे त्या दिवशी ‘आज मला काय मिळणार?’ अशी गंमत, नातं ठरलेलं नसताना, फार पुढची होते. नुसत्या शुभेच्छा पुरेत.

भाऊबीजेचा धोका उलटा आहे. ग्रुपवर आलेला शुभेच्छांचा फोटो सगळ्यांना फॉरवर्ड करताना तो क्रशलाही गेला, तर पुढचं सगळं स्पष्टीकरणात जातं. समोरून ‘भाऊबीजेच्या शुभेच्छा’ आल्या तर मात्र लगेच घाबरू नका. तोच फोटो पन्नास जणांना गेलेला असू शकतो. फक्त तुमच्यासाठी लिहिलेला ‘भाऊराया’ असेल तर अर्थ स्पष्ट आहे आणि तो हसून मान्य करावा.

उत्तर आलंच नाही तर?

सणाच्या आठवड्यात उशीर हा इशारा मानू नये. उत्तर किती वेळाने आलं यापेक्षा त्यात काय आलं ते बघावं. उशिरा का होईना, पण प्रश्न परत विचारला, फोटो पाठवला, आधीची गंमत पुढे नेली, तर मेसेज आवडत आहेत. नेहमी ‘हं’, ‘ओके’, नुसता अंगठा येत असेल आणि तिकडून कधीच सुरुवात होत नसेल, तर आवड एकतर्फी आहे.

दोन मेसेजना उत्तर नसेल तर तिसरा पाठवू नये. भाऊबीजेनंतर चार-पाच दिवस जाऊ द्यावेत. पाहुणे परततात, डबे रिकामे होतात, फोन पुन्हा खिशात येतो. तेव्हाही शांतता असेल तर तेच उत्तर आहे. आणि ‘असे मेसेज नको’ असं कुणी सांगितलं, तर ‘सॉरी, लक्षात ठेवतो’ एवढं लिहून तिथेच थांबावं. ऑफिसात, सोसायटीत, ग्रुपमध्ये पुन्हा भेट होणारच असते. तेव्हा दोघांनाही नजर चुकवावी लागू नये, एवढा हलकेपणा मेसेजमध्ये असला म्हणजे झालं.