दूतावासाला लिहायचं पत्र: मागायचं नेमकं काय?

समजा, डोंबिवलीच्या एक बाई सहलीला बँकॉकला गेल्या आणि बाजारातल्या गर्दीत त्यांची पर्स मारली गेली. पासपोर्ट पर्समध्येच होता आणि परतीचं विमान तीन दिवसांवर. अशा वेळी भारतीय दूतावासाला जे पत्र लिहिलं जातं, त्यात हमखास एक वाक्य असतं: “मला ताबडतोब नवीन पासपोर्ट द्यावा.”

गैरसमज इथेच सुरू होतो. तीन दिवसांत घरी यायचं असेल तर मागायचं ते ‘इमर्जन्सी सर्टिफिकेट’. 1967 च्या पासपोर्ट कायद्यातच त्याची तरतूद आहे, तीही फक्त भारतात प्रवेश करण्यापुरती. त्यावर पुढे सिंगापूरला जाता येत नाही. वाटेत तिसऱ्या देशात विमान बदलायचं असेल तर तिथेही अडचण येऊ शकते, म्हणून शक्यतो थेट मुंबईचं तिकीट असावं.

दुसरा समज असा, की पत्र जितकं काकुळतीचं तितकं काम लवकर होतं. पण अधिकाऱ्याला आधी पडताळायचं असतं ते तुमचं नागरिकत्व. त्यासाठी जुनी नोंद सापडली पाहिजे. पत्र इंग्रजीत लिहा, मजकूर मात्र एवढाच पुरे:

“अमुक तारखेला, अमुक ठिकाणी माझा पासपोर्ट चोरीला गेला. क्रमांक, जारी केल्याची तारीख आणि ठिकाण खाली दिलं आहे. पोलिसांत तक्रार केली असून अहवाल जोडला आहे. अमुक तारखेच्या विमानाने मुंबईला परतायचं आहे. त्यासाठी इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळावं.”

जारी केल्याचं ठिकाण पासपोर्टवर छापलं होतं तेच लिहावं. घर डोंबिवलीत म्हणून ‘डोंबिवली’ लिहिलं तर नोंदीशी जुळणार नाही. पत्रासोबत अर्ज, फोटो, तिकीट आणि पासपोर्टच्या पहिल्या-शेवटच्या पानाची प्रत लागते. ही प्रत घरच्या कुणाच्या तरी फोनमध्ये असेल तर निम्मं काम झालं. पोलीस अहवालात पासपोर्ट क्रमांक आला आहे ना, हे चौकीतून निघण्याआधीच पाहून घ्या.

सर्टिफिकेट हाती आलं की थेट विमानतळ गाठायचा, हा समजही महागात पडतो. थायलंडमध्ये शिरल्याचा शिक्का चोरीला गेलेल्या पासपोर्टवर होता. आपण रीतसर आलो होतो याची नोंद तिथल्या इमिग्रेशन कार्यालयातून पुन्हा करून घ्यावी लागते. त्याला वेळ लागतो, म्हणून तिकीट पुढे ढकलायची तयारी ठेवावी.

आणि चोरीला गेलेला पासपोर्ट नंतर सापडलाच तर? तक्रार झाल्यावर तो रद्द होतो, वापरता येत नाही. घरी आल्यावर ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या पासपोर्ट सेवा केंद्रात पुन्हा अर्ज करावा लागतो. हरवलेल्या पासपोर्टच्या जागी 36 पानी पासपोर्टचं साधं शुल्क 3000 रुपये आहे, सोबत प्रतिज्ञापत्र लागतं आणि तोच पोलीस अहवालही. त्याची मूळ प्रत बँकॉकमध्ये ठेवून येऊ नका.