हापूस संपला, पान राहू द्या

जूनच्या पावसात देवगड हापूस संपतो आणि अनेक विक्रेते संकेतस्थळावरचं त्याचं पानच काढून टाकतात. हे मोठं नुकसान आहे. वर्षभरात गूगलच्या शोधात मिळालेलं स्थान, इतरांनी दिलेले दुवे, ग्राहकांचे अभिप्राय सगळं त्या पत्त्याशी बांधलेलं असतं. पत्ता तोच ठेवावा, मजकूर बदलावा. सर्वांत वर स्पष्ट लिहावं: ‘यंदाचा हंगाम संपला, पुढचा माल मार्चअखेर अपेक्षित.’ ‘खरेदी करा’ऐवजी ‘आल्यावर कळवा’ हे बटण द्यावं. पानामागच्या कोडमध्येही `InStock` बदलून `OutOfStock` करावं, नाहीतर शोधात माल उपलब्ध दिसतो आणि आलेला ग्राहक चिडतो.

पर्याय मात्र कारणासह सुचवावेत: आमरसासाठी हापूसचाच डबाबंद रस, कापून खायला दशहरी. ग्राहकाला थेट मुखपृष्ठावर ढकलू नये. त्याला आंबाच हवा होता.