दुसरी मोटार हवीच का?

दुसऱ्या मोटारीचा वाद बहुधा ‘परवडते का?’ या प्रश्नावर अडतो. पहिली मोटार बाहेर असताना आपले नेमके काय अडते, हे मात्र कुणी लिहून काढत नाही.

आमच्या शिरूरच्या घरची मोटार सकाळीच यजमानांबरोबर रांजणगावच्या कारखान्याकडे जाते. मागे उरतो मी, मुलगी आणि सासूबाई. दुसरी गाडी घेण्याची बोलणी सुरू झाली, तेव्हा मी महिनाभर कॅलेंडरवर खुणा केल्या. जायचे आहे आणि मोटार नाही, असे प्रसंग भरले अकरा. त्यांतल्या आठांना एस. टी. पुरली. आमचे गाव पुणे-अहिल्यानगर हमरस्त्यावर आहे आणि २०२३ सालच्या मार्चपासून बायकांना एस. टी.त अर्धेच तिकीट पडते. उरले तीन: गुडघ्यांमुळे सासूबाईंना एस. टी.ची पायरी चढवत नाही, म्हणून पुण्याच्या डॉक्टरांकडे दोन खेपा, आणि दौंडला बहिणीकडे एक. जाऊन-येऊन सुमारे ३८० किलोमीटर.

आता हिशेब. चार लाखांची जुनी गाडी पाच वर्षांनी दोन लाखांना विकली, तर वर्षाला ४० हजारांची घट. विमा, सर्व्हिसिंग, टायर-बॅटरी मिळून २४ हजार. अडकलेल्या पैशाचे बुडालेले व्याज २० हजार. म्हणजे चाक न फिरताही महिना ७,००० रुपये! शिवाय किलोमीटरला पेट्रोल ७ रुपये. इकडे भाड्याची गाडी किलोमीटरला १४ रुपये घेते. म्हणजे महिन्याला हजार किलोमीटर फिरल्याशिवाय घरची गाडी स्वस्त पडत नाही. आमच्या ३८० किलोमीटरना घरची गाडी ९,६६० रुपये खाईल. भाड्याची, थांबण्याचे धरून, सहा हजारांत भागते.

दौंडच्या बहिणीचे गणित निराळे. दौंड रेल्वेचे जंक्शन. तिचा मुलगा पास काढून रोज आगगाडीने पुण्याला जातो. अडते ते घर ते स्टेशन एवढेच, आणि त्याला मोटार नव्हे, स्कूटर पुरते. आम्हां शिरूरकरांना रेल्वे नाही. म्हणून भाड्याच्या गाडीचा भरवसा आम्हांला आधी पारखावा लागतो.

भरवशाची ही बाब मी पैशांच्याही वर ठेवते. पुण्याहून मोबाइलवर बोलावलेली टॅक्सी शिरूरला सोडते, पण शिरूरहून परत नेणारी ऐन वेळी मिळेलच असे नाही. म्हणून गावातल्या दोन ओळखीच्या चालकांना मी आधीच विचारले: “दादा, रात्री दोन वाजता हाक मारली तर याल का?” दोघेही “येऊ, वहिनी” म्हणाले. जिवावरच्या आजाराला १०८ ची रुग्णवाहिका आहेच. चालकांनी नकार दिला असता, तर वहीतली बचत मी मानली नसती.

घरात दोघांची रात्रपाळी उलट दिशांना असेल, किंवा आठवड्यातून तीनदा रुग्णाला न्यावे लागत असेल, तर खुशाल दुसरी गाडी घ्यावी. आम्ही यंदा घेतली नाही. महिन्याचे सात हजार सासूबाईंच्या नावे वेगळे ठेवतो. भाडे त्यातूनच जाते, आणि उरलेले त्यांच्या गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी साठते.